‘यावरून स्पष्ट होते’ हे वाक्य खोडून बघा : सराव निबंधाला स्वतःच गुण देताना

सराव म्हणून लिहिलेला निबंध घेऊन आपणच गुण द्यायला बसलो की वाचताना सगळं पटत जातं. मुद्दे आलेत, तारखा बरोबर आहेत, शेवटी निष्कर्षही आहे. वीसपैकी पंधरा तरी नक्की, असं वाटतं. मग तेच उत्तर कुणी तिऱ्हाईत तपासतो आणि अकरा देतो. शेरा असतो, ‘वर्णन जास्त, विश्लेषण कमी.’ हा शेरा वाचून काहीच कळत नाही, कारण आपल्याला तर विश्लेषण दिसत होतं.

ते खरोखर दिसत होतं, पण डोक्यात. ज्याने लिहिलं तोच वाचतोय म्हटल्यावर दोन वाक्यांमधला गाळलेला विचार डोकं परस्पर भरून टाकतं. परीक्षकाच्या हातात फक्त कागद असतो. म्हणून स्वतःला गुण देण्याची सगळी पद्धत एवढ्याचसाठी आखायची, की डोक्यातलं बाजूला राहावं आणि कागदावरचं तेवढं मोजलं जावं. नुसतं ‘कडक व्हायचं’ ठरवून हे होत नाही. कडक झालेला माणूस सगळीकडेच दोन-दोन गुण कापतो आणि पोकळी नेमकी कुठे आहे ते त्यालाही सापडत नाही.

खाली एक उत्तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासून दाखवते. उत्तर माझंच आहे, इतिहासाच्या तयारीच्या काळातलं. प्रश्न असा होता : ‘पहिलं महायुद्ध मुख्यतः जर्मनीमुळे पेटलं. या मताशी तुम्ही कितपत सहमत आहात?’ वीस गुण, पंचेचाळीस मिनिटं. विषय तुमचा वेगळा असेल, पण घोडं पेंड खातं ती जागा बहुधा हीच असते.

आधी दोन दिवस, मग अंदाज

उत्तर लिहिल्या दिवशी तपासू नका. निदान दोन दिवस जाऊ द्या. त्याच संध्याकाळी वाचलं तर लिहिताना मनात आलेलं सगळं ताजं असतं आणि मघाशी सांगितलेली भरपाई जोरात चालू असते. दोन दिवसांनी तुम्ही स्वतःचे अर्धेमुर्धे तिऱ्हाईत झालेले असता.

तपासायला बसल्यावर निकषांचा तक्ता उघडण्याआधी उत्तर एकदा सलग वाचा आणि कोपऱ्यात अंदाजाचे गुण लिहा. मी लिहिले होते १५. हा आकडा खोडायचा नाही. शेवटी खऱ्या गुणांशी त्याची तुलना करायची आहे, आणि चार-पाच उत्तरांनंतर तुमचा अंदाज नेहमी किती आणि कोणत्या बाजूला चुकतो हे कळलेलं असतं.

वाचताना उत्तरात दुरुस्ती करू नका. हात शिवशिवतो, एखादा शब्द बदलावासा वाटतो. पण एकदा दुरुस्ती सुरू झाली की तुम्ही पुन्हा लेखक झालात आणि तपासणी संपली.

तक्त्यातले ढोबळ शब्द मोजता येतील असे करा

माझ्याकडच्या तक्त्यात चार ओळी होत्या : माहिती ५ गुण, विश्लेषण ८, निर्णय ४, मांडणी ३. आपलं काम मुख्यतः दुसऱ्या ओळीशी आहे. तिथले स्तर साधारण असे होते.

१–२ : घटनांचं वर्णन, प्रश्नाशी संबंध वाचकाने लावायचा.
३–४ : काही ठिकाणी कारण-परिणाम सांगितलेला, पण बहुतांश वर्णन.
५–६ : बहुतेक मुद्दे प्रश्नाशी जोडलेले, कारणांची आपसातली तुलना क्वचित.
७–८ : मुद्दे सातत्याने प्रश्नाशी जोडलेले, कोणतं कारण किती वजनाचं हे तोललेलं.

हे वाचून प्रत्येकाला आपण पाच-सहाच्या खान्यात आहोत असं वाटतं, कारण ‘काही’, ‘बहुतेक’ आणि ‘सातत्याने’ हे शब्द रबरासारखे आहेत. ते ताणले जाऊ नयेत म्हणून तपासण्याआधी त्यांना आकडा द्यायचा. मी असा ठरवला : परिच्छेदात घटना आणि प्रश्न यांना जोडणारं एक तरी वाक्य असेल तर तो परिच्छेद जोडलेला. पाचपैकी एक किंवा दोन परिच्छेद जोडलेले असतील तर ‘काही’, तीन किंवा चार असतील तर ‘बहुतेक’, पाचही असतील तर ‘सातत्याने’. हा हिशेब कुठल्याही मंडळाचा अधिकृत नाही. पण आकडा उत्तर पाहण्याआधी ठरलेला असला की नंतर सोयीने वाकवता येत नाही.

तुमच्या परीक्षेसाठी छापील तक्ता मिळत असेल तर तोच घ्या, दुसऱ्या परीक्षेचा नको. एकीकडे विश्लेषणाला निम्मे गुण असतात आणि दुसरीकडे जेमतेम एक पंचमांश. चुकीच्या तक्त्यावर केलेली मेहनत चुकीच्या ओळीवर जाते.

समासात प्रत्येक वाक्याला एक अक्षर

आता खरं काम. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक वाक्यासमोर समासात एकच अक्षर लिहा. ‘मा’ म्हणजे माहिती : काय घडलं, कधी, कुणी. ‘दा’ म्हणजे दावा : प्रश्नाचं थेट उत्तर देणारं विधान. ‘दु’ म्हणजे दुवा : ही माहिती तो दावा का सिद्ध करते हे सांगणारं वाक्य. ‘तु’ म्हणजे तुलना : दोन कारणांपैकी कोणतं जड आणि का.

माझ्या उत्तरातला दुसरा परिच्छेद जसाच्या तसा देते.

‘२८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याची हत्या झाली. ५ जुलै रोजी जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याने ऑस्ट्रियाला पूर्ण पाठिंब्याचे आश्वासन दिले, यालाच कोरा चेक म्हणतात. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता पाठवला आणि उत्तरासाठी ४८ तासांची मुदत दिली. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या, तरीही २८ जुलैला ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. यावरून जर्मनीची जबाबदारी स्पष्ट होते.’

अक्षरं अशी पडली : मा, मा, मा, मा, दा. एकही ‘दु’ नाही. लिहिताना मला हा सगळ्यात भक्कम परिच्छेद वाटला होता, कारण त्यात चार तारखा होत्या आणि चारही बरोबर होत्या.

इथे एका फसव्या गोष्टीकडे लक्ष द्या. ‘यावरून’, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘साहजिकच’ हे शब्द दिसले की हात आपोआप ‘दु’ लिहितो. ते शब्द म्हणजे दुवा नव्हे, दुव्याची पाटी आहे. बोटाने तो शब्द झाका आणि उरलेलं वाक्य वाचा. ‘जर्मनीची जबाबदारी स्पष्ट होते’ एवढंच उरलं, म्हणजे नुसता दावा. कारण त्या वाक्यात कुठेच नाही.

पूर्ण उत्तरात एकतीस वाक्यं होती. एकोणीस ‘मा’, आठ ‘दा’, तीन ‘दु’, एक ‘तु’. या बेरजेवरून थेट गुण काढायचे नसतात. माहितीची वाक्यं जास्त असणं हा दोष नाही, पुराव्याशिवाय दुवा कशाला लावणार? बघायचं आहे ते अक्षरांचं वाटप. माझे तीनही दुवे शेवटच्या दोन परिच्छेदांत होते. म्हणजे उत्तराचा पहिला अर्धा भाग परीक्षकाला गोष्ट सांगत होता.

नाव बदलून बघा

समासातली अक्षरं पोकळी कुठे आहे ते दाखवतात. ती किती खोल आहे हे बघायला मी एक चाचणी वापरते, आणि या लेखातली एकच गोष्ट करून बघायची असेल तर ही करा. परिच्छेदाच्या दाव्यातलं मुख्य नाव काढून तिथे प्रतिस्पर्धी नाव घाला. बाकी परिच्छेदाला हात लावू नका. मग वाचा.

वरच्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य करा : ‘यावरून ऑस्ट्रियाची जबाबदारी स्पष्ट होते.’ परिच्छेद बिनतक्रार चालतो. किंबहुना आधीपेक्षा बरा चालतो, कारण खलिता ऑस्ट्रियाने पाठवला, मुदत ऑस्ट्रियाने घातली आणि युद्धही ऑस्ट्रियाने पुकारलं. पाचपैकी एकच वाक्य जर्मनीबद्दल होतं. माझा पुरावा माझ्या दाव्याचा नव्हताच, शेजारच्या दाव्याचा होता.

याउलट शेवटच्या परिच्छेदातलं हे वाक्य घ्या : ‘जर्मनीच्या युद्धयोजनेत सैन्य जमवणे आणि बेल्जियममधून पुढे सरकणे यांच्यामध्ये थांबायला जागाच नव्हती, त्यामुळे रशिया सैन्य जमवू लागताच बर्लिनला वाटाघाटींसाठी वेळ उरला नाही.’ इथे जर्मनीच्या जागी रशिया घालून बघा. वाक्य मोडतं. रशियाचं सैन्य जमून सरहद्दीवर थांबू शकत होतं, जर्मन योजनेला मात्र बेल्जियममधल्या लिएजचा किल्लेबंद टापू पहिल्या काही दिवसांतच घ्यायचा होता. नाव बदलल्यावर जे वाक्य मोडतं ते दुव्याचं काम करतंय. जे मोडत नाही ते नुसतं शेजारी बसलंय.

इतर विषयांत नावाऐवजी कारण बदला. महागाई मागणीमुळे वाढली असा दावा असेल तर ‘उत्पादनखर्चामुळे’ घालून बघा. कवितेतलं दुःख एकटेपणाचं आहे असं लिहिलं असेल तर ‘अपराधाचं’ घाला. तुमचे पुरावे नव्या दाव्यालाही तितकेच शोभत असतील, तर विश्लेषण अजून लिहिलं गेलेलं नाही.

पुराव्यासारखे दिसणारे दोन भामटे

अक्षरं लावताना दोन वाक्यांपाशी मी बराच वेळ अडले. एक होतं, ‘१९१९ च्या व्हर्साय तहाच्या २३१ व्या कलमात जर्मनी आणि तिच्या मित्रराष्ट्रांना जबाबदार धरले गेले.’ दुसरं होतं, ‘जर्मन इतिहासकार फ्रिट्झ फिशर यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या मतानुसार जर्मनीच्या आक्रमक उद्दिष्टांमुळे युद्ध झाले.’ पहिल्या तपासणीत दोन्हींना मी ‘दु’ दिला होता.

दोन्ही ठिकाणी मी दुसऱ्या कुणाचा तरी निवाडा आणून ठेवला होता. २३१ वं कलम जिंकलेल्यांनी लिहिलं आणि नुकसानभरपाई मागायला त्याचा आधार घेतला. १९१४ च्या जुलैत कुणी काय ठरवलं याचा तो पुरावा होत नाही. विजेत्यांना काय ठरवायचं होतं, याचा होतो. फिशर यांचं मत कितीही वजनदार असलं तरी ‘ते म्हणतात’ एवढ्याने माझा दावा सिद्ध होत नाही. त्यांनी कशावरून म्हटलं, आणि ते या प्रश्नाला कुठे लागू पडतं, हे एका वाक्यात आलं असतं तर दुवा झाला असता. दोन्ही ‘दु’ खोडून ‘मा’ केले. वर दिलेल्या आकड्यांत ते ‘मा’ धरूनच मोजले आहेत.

विरुद्ध बाजू मांडली, पण तोलली का?

‘कितपत सहमत’ असा प्रश्न असला की सगळे एक परिच्छेद विरुद्ध बाजूचा टाकतात. मीही टाकला होता : ‘काही इतिहासकारांच्या मते रशियाही जबाबदार होता, कारण ३० जुलैला त्याने सर्व सैन्य जमवण्याचा आदेश दिला. तरीही मुख्य जबाबदारी जर्मनीचीच आहे.’

सगळी मेख त्या ‘तरीही’त आहे. रशियाचा आदेश कागदावर आला आणि पुढच्याच वाक्यात तो न खोडता, न तोलता बाजूला सारला. तक्त्यात ‘तोललेलं’ असा शब्द आहे, आणि तोलायला दोन पारडी लागतात. तपासताना प्रश्न विचारा : विरुद्ध मुद्दा आल्यामुळे माझ्या दाव्यात काही बदललं का? तो थोडा आकसला, त्याला एखादी अट लागली, किंवा विरुद्ध मुद्दा का हलका ठरतो ते सांगितलं गेलं? यातलं काहीच झालं नसेल तर तिथे ‘तु’ पडत नाही. ‘दोन्ही बाजूंनी विचार केला’ असं वाटून आपण सर्वांत जास्त फसतो ते इथे.

गुण द्या, आणि प्रत्येक गुणाखाली ओळ दाखवा

आता आकडे. नियम एकच : ज्या वाक्यावर बोट ठेवता येत नाही त्याचा गुण नाही. तक्त्यातल्या स्तरासमोर उत्तरातल्या ओळीचा क्रमांक लिहायचा. ‘एकूण छाप चांगली आहे’ ही काही ओळ नव्हे. दोन स्तरांमध्ये मन हेलकावत असेल तर खालचा घ्यायचा. त्यात शिक्षा काही नाही. वरच्या स्तराची ओळ सापडत नाही, म्हणून तर मन हेलकावतंय.

माझ्या उत्तरात पाचपैकी दोनच परिच्छेद जोडलेले निघाले. आधी ठरवल्याप्रमाणे ते ‘काही’ झालं, म्हणून ३–४ चा स्तर. तुलनेचं वाक्य एकच आणि तेही निष्कर्षात घाईने आलेलं, म्हणून ३. माहितीला ४, कारण तारखा बरोबर होत्या, पण ऑस्ट्रियाच्या आतल्या हालचालींबद्दल काहीच नव्हतं. निर्णयाला २, मांडणीला २. एकूण ११. कोपऱ्यातला अंदाज होता १५, आणि त्यावेळी विश्लेषणाला मी मनात ६ धरले होते. चारांपैकी तीन गुण एकट्या त्या ओळीतून गेले.

तपासण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. विश्लेषणाची ओळ आधी तपासा, माहितीची नंतर. माहितीला पाचपैकी चार दिल्यावर त्या चाराची चमक पुढच्या ओळीवर पडते. मांडणी तर सगळ्यात शेवटी, कारण सफाईदार वाक्यांमुळे सगळंच शहाणपणाचं वाटतं.

पोकळी का पडली हे विचारल्याशिवाय पुन्हा लिहू नका

प्रत्येक पोकळीसमोर तीनपैकी एक कारण लिहा : माहीत नव्हतं, माहीत होतं पण लिहिलं नाही, किंवा वेळ संपला. दिसायला तिन्ही पोकळ्या सारख्या असतात, पण त्यांवरचे उपाय वेगळे आहेत. पहिलीसाठी पुस्तक उघडावं लागतं. दुसरीसाठी पुस्तक उघडणं म्हणजे चक्क वेळ घालवणं; तिथे तोच परिच्छेद पुन्हा लिहायचा. तिसरीसाठी वेळेची आखणी बदलायची. बरेच जण तिन्हींवर एकच औषध करतात, आणखी वाचतात. परिणाम असा की पुढच्या उत्तरात ‘मा’ वाढतात आणि ‘दु’ तेवढेच राहतात.

कोऱ्या चेकच्या परिच्छेदातली माझी पोकळी पहिल्या जातीची होती. जर्मन पाठिंब्याशिवाय ऑस्ट्रियाने पाऊल उचललं असतं का, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता; आणि सुचला असता तरी उत्तर द्यायला माहिती नव्हती. म्हणून आधी वाचलं, पण तेवढंच. ऑस्ट्रियाचा सेनाप्रमुख कॉनराड कित्येक वर्षं सर्बियाशी युद्ध मागत होता. त्याच साम्राज्यातल्या हंगेरीचा पंतप्रधान टिसा मात्र जुलैच्या मध्यापर्यंत कचरत होता. रशिया युद्धात उतरेल ही धास्ती होती, म्हणून व्हिएन्नाने आपला माणूस आधी बर्लिनला पाठवला. आणि एक गोष्ट माझ्या दाव्याच्या उलट जाणारी सापडली : सर्बियाचं उत्तर वाचल्यावर २८ जुलैला खुद्द कैसर विल्हेल्मने लिहिलं, की आता युद्धाचं कारणच उरलं नाही.

ही शेवटची गोष्ट सापडल्यावर ती वगळण्याचा मोह होतो. वगळू नका. दावा बारीक होतो आणि बारीक दाव्यालाच तक्त्यातले वरचे गुण असतात.

मग घड्याळ लावून दहा मिनिटांत फक्त तो परिच्छेद पुन्हा लिहिला. पूर्ण निबंध नाही. पूर्ण निबंध पुन्हा लिहिला की चुका नव्या जागी सरकतात आणि नेमकं काय सुधारलं ते कळत नाही. नवा परिच्छेद असा झाला :

‘जर्मनीची जबाबदारी ५ जुलैच्या आश्वासनात शोधावी लागते, खलित्यात नाही. खलिता ऑस्ट्रियाचा होता आणि कॉनराड युद्ध फार पूर्वीपासून मागत होता; पण रशियाच्या भीतीने ते युद्ध तोवर अडून राहिले होते. टिसाचे कचरणे आणि बर्लिनला आधी विचारण्याची गरज यांतून दिसते, की व्हिएन्नाला एकट्याने पाऊल टाकण्याची हिंमत नव्हती. कोऱ्या चेकने ही अडचण दूर केली. मात्र २८ जुलैला कैसर स्वतःच मागे सरू पाहत होता, म्हणून जर्मनीने हे व्यापक युद्ध आखून घडवले असे म्हणण्यापेक्षा, तिने ऑस्ट्रियाचा अडसर काढला आणि नंतर तो वेळेत परत लावला नाही, असे म्हणणे पुराव्याला अधिक धरून आहे.’

अक्षरं : दा, मा, दु, दु, तु. तारखा चारवरून दोनवर आल्या. नाव बदलून बघा : ‘जर्मनी’च्या जागी ‘ऑस्ट्रिया’ घातलं की दुसऱ्याच वाक्याला परिच्छेद कोसळतो. दुसऱ्या वाक्याला ‘मा’ दिला खरा, पण त्याचा उत्तरार्ध दुव्याकडे झुकतो. असं झालं की वादात पडू नका, कमी वजनाचं अक्षर द्या आणि पुढे चला.

या पद्धतीला काय दिसत नाही

तपासलेल्या परिच्छेदात काय कमी आहे ते या पद्धतीने कळतं. जो परिच्छेद लिहिलाच नाही, तो कळत नाही. माझ्या उत्तरात ब्रिटनचा उल्लेख नव्हता. ब्रिटन युद्धात उतरणार की नाही हे जुलैच्या अखेरपर्यंत धूसर राहिलं आणि त्याचा बर्लिनच्या हिशेबावर परिणाम झाला, ही वाटच मला माहीत नव्हती. नसलेल्या परिच्छेदाच्या समासात अक्षर कसं लिहिणार? त्यासाठी नमुना उत्तर हवं, पण ते स्वतःचे गुण ठरवल्यानंतर उघडा. आधी उघडलं तर त्यातली वाक्यं तुमच्या उत्तरात दिसू लागतात. उघडल्यावरही वाक्यं उचलू नका. त्यात असलेले आणि आपल्याकडे नसलेले दावे तेवढे एका ओळीत टिपून ठेवा.

माहिती चुकीची असेल तर तीही इथे पकडली जात नाही. चुकीच्या तारखेलाही ‘मा’च पडतो. तारखा आणि नावं पुस्तकाशी वेगळी ताडून घ्या.

आपल्या अक्षरांवर विश्वास बसत नसेल तर एखाद्या सोबत्याला एकच परिच्छेद द्या, अक्षरं पुसून. पूर्ण निबंध दिला तर तो ‘छान आहे’ म्हणून परत करेल. एका परिच्छेदाला तो काय अक्षरं लावतो ते आपल्याशी जुळवून पहा. तुमचा ‘दु’ जिथे त्याने ‘मा’ म्हटला असेल, तिथे वाद घालायला तोंड उघडताच थांबा. तोंडी जे समजावून सांगणार होतात, तेच वाक्य कागदावर राहून गेलंय. ते तसंच्या तसं लिहून काढा.

उरलेले चार परिच्छेद मी पुढच्या आठवड्यात, रोज एक असे, याच रीतीने लिहिले आणि तीन दिवसांनी पुन्हा गुण दिले. विश्लेषणाला ६ पडले. सातव्यासाठी बोट ठेवायला ओळ सापडली नाही : रशियाच्या परिच्छेदातला ‘तरीही’ गेला होता, पण त्याच्या जागी आलेलं वाक्य नाव बदलल्यावरही उभंच राहत होतं.